छऱ्याचा आकार, छऱ्याचे वजन आणि जवळचा नेम

एकच हवेची बंदूक, एकच नेमबाज आणि परसातील दहा मीटर अंतरावर टांगलेला एकच कागद. पहिल्या डबीतील पाच छर्रे एका पैशाच्या नाण्याखाली झाकतील इतक्या जवळजवळ लागतात. दुसऱ्या डबीतील पाच मात्र तळहाताएवढ्या जागेत विखुरतात. नेमबाज साहजिकच आपल्या हाताला दोष देतो, किंवा दुकानदाराच्या सांगण्यावरून अधिक जड, अधिक टोकदार आणि अधिक महाग छर्रे विकत आणतो. टोकदार वस्तू हवेतून सरळ जाते आणि जड वस्तू विचलित होत नाही, अशी यामागची समजूत असते. बाणाच्या किंवा तोफगोळ्याच्या बाबतीत ती काही अंशी खरी असेलही. छऱ्याच्या बाबतीत, विशेषतः दहा ते पंचवीस मीटरांच्या आत, ती बहुधा खोटी ठरते.

याचे कारण समजून घेण्यासाठी दोन गोष्टी प्रथम वेगळ्या केल्या पाहिजेत. कागदावर उमटलेल्या छिद्रांच्या समूहाला येथे पुंज म्हणू. पुंजाचा मध्यबिंदू ठरलेल्या जागेच्या वर, खाली वा बाजूला असणे ही एक गोष्ट, आणि पुंजातील छिद्रे एकमेकांपासून दूर असणे ही दुसरी. मध्य सरकला असेल तर दृष्टियोजनेचा स्क्रू फिरवून तो जागेवर आणता येतो. विखुरणे मात्र कोणत्याही स्क्रूने दुरुस्त होत नाही. छऱ्याचे वजन मुख्यतः पुंजाचा मध्य हलविते. विखुरणे हे अशा जवळच्या अंतरावर बहुतांशी नळीच्या आतच ठरून जाते. छऱ्याच्या डोक्याचा आकार या दोहोंच्या मध्ये कोठे तरी बसतो, आणि अंतर वाढू लागले म्हणजेच त्याचे खरे महत्त्व दिसू लागते.

४.५ मिलिमीटर व्यासाच्या नेहमीच्या शिशाच्या छऱ्याकडे बारकाईने पाहिले तर त्याचे तीन भाग दिसतात. पुढे भरीव डोके, मध्ये बारीक कंबर आणि मागे पोकळ, पातळ असा घेर. डोके भरीव व घेर पोकळ असल्यामुळे छऱ्याचा गुरुत्वमध्य पुढच्या बाजूस येतो आणि हवेचा रोध मात्र मागच्या घेरावर अधिक जोराने जाणवतो. बॅडमिंटनच्या फुलाचे तत्त्व हेच आहे. (हा खेळ १९व्या शतकात पुण्याच्या लष्करी छावणीत रूढ होता आणि एके काळी ‘पूना’ याच नावाने ओळखला जाई.) फूल कसेही मारले तरी पिसे मागे व बूच पुढे अशीच त्याची स्थिती होते. छर्राही याच रीतीने हवेत आपले डोके पुढे ठेवतो.

मग नळीच्या आत सर्पिल खाचा कशासाठी पाडतात, असा प्रश्न उद्भवतो. त्याचे उत्तर असे की कोणताही छर्रा पूर्णपणे सुडौल नसतो. साच्यातून निघालेल्या शिशाची एक बाजू किंचित जाड, घेराची एक कड किंचित वाकलेली असतेच. असा छर्रा न फिरता उडाला तर हवा त्याला सतत एकाच बाजूस ढकलीत राहील. तो स्वतःभोवती फिरत असेल तर हा धक्का क्षणात डावीकडे व क्षणात उजवीकडे लागतो आणि त्याची बेरीज जवळजवळ शून्य होते. पुष्कळ हवेच्या बंदुकांत या खाचा सुमारे ४५० मिलिमीटर लांबीत एक वेढा पूर्ण करतात. म्हणजे सेकंदाला २०० मीटर वेगाने सुटणारा छर्रा सेकंदाला सुमारे ४४४ वेळा स्वतःभोवती फिरतो.

परंतु या फिरण्यामुळे एक दोष नाहीसा होताना दुसरा उत्पन्न होतो, आणि जवळच्या नेमाच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. समजा, छऱ्याचा गुरुत्वमध्य त्याच्या मध्यरेषेवर नसून एका बाजूस ०.०१ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या एका लहानशा अंशाइतका, सरकलेला आहे. नळीत असताना छर्रा नळीच्या मध्यरेषेभोवती फिरण्यास बांधलेला असतो, म्हणून त्याचा गुरुत्वमध्य ०.०१ मिलिमीटर त्रिज्येचे एक सूक्ष्म वर्तुळ काढीत पुढे जातो. नळीच्या तोंडाशी हे बंधन एकाएकी सुटते. गोफण गरगर फिरवून तिचा एक पदर सोडला की धोंडा वर्तुळात फिरत राहत नाही, त्या क्षणी ज्या दिशेने तो चालला असेल त्या दिशेने सरळ निघून जातो. छऱ्याचेही तसेच होते. पुढे जाण्याबरोबरच त्याला बाजूकडे जाण्याचा एक अल्पसा वेग मिळालेला असतो.

हे बाजूला जाणे किती, याचा हिशेब सोपा आहे. ०.०१ मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ सुमारे ०.०६३ मिलिमीटर होतो. छर्रा ४५० मिलिमीटर पुढे जातो तेवढ्यात गुरुत्वमध्य हा एक परीघ पूर्ण करतो. याच प्रमाणात दहा मीटर पुढे गेल्यावर तो १.४ मिलिमीटर बाजूस गेलेला असेल. कोणत्या बाजूस, हे छर्रा नळीत बसविताना त्याची जड बाजू कोणीकडे होती यावर अवलंबून आहे, आणि बसविणाऱ्याला ते कळण्याचा काही मार्ग नाही. म्हणून अशा छऱ्यांची छिद्रे सुमारे २.८ मिलिमीटर व्यासाच्या कड्यावर कोठेही पडतात. या हिशेबात वेग कोठेच येत नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. छर्रा अधिक वेगाने सोडला तर तो लवकर पोहोचतो खरा, परंतु तितक्याच अधिक वेगाने फिरतही असतो, आणि दोन्ही परिणाम परस्परांना छेद देतात. वजनही हिशेबात येत नाही. बेढब छर्रा जड असो वा हलका, जोरात सोडलेला असो वा मंद, तितकाच बाजूला जातो.

१.४ मिलिमीटर म्हणजे पुष्कळ झाले का? परसात डबा पाडणाऱ्याला ते जाणवणारही नाही. दहा मीटर एअर रायफलच्या आंतरराष्ट्रीय लक्ष्यावर मात्र दहा गुणांचा ठिपका अवघा ०.५ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि पुढचे प्रत्येक वलय २.५ मिलिमीटर रुंदीचे असते. गुणांचे दशांश मोजले जातात तेव्हा एक दशांश म्हणजे केवळ ०.२५ मिलिमीटर. याचा अर्थ असा की गुरुत्वमध्य केसाच्या अंशाइतका सरकला, तरी निर्दोष हाताने सोडलेला छर्रा पाच दशांशांहून अधिक गुण गमावू शकतो. ११ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंग येथे अभिनव बिंद्रा यांनी याच प्रकारात भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले. शेवटचा छर्रा सोडण्यापूर्वी ते आणि फिनलंडचे हेन्री हॅकिनेन समान गुणांवर होते. बिंद्रा यांचा शेवटचा छर्रा १०.८ गुणांचा पडला, आणि या प्रकारात एका छऱ्याला मिळू शकणारे गुण फार तर १०.९ असतात. स्पर्धेत उतरणारे नेमबाज छऱ्यांच्या डब्या आपापल्या नळीवर तपासून निवडण्यात तासन् तास का घालवितात, हे यावरून ध्यानात येईल.

गुरुत्वमध्य बाजूला जाण्यास केवळ कारखाना जबाबदार असतो असे नाही. सुडौल छर्राही नळीत तिरपा बसला तर त्याचा गुरुत्वमध्य नळीच्या मध्यरेषेवरून ढळतो. येथे डोक्याच्या व्यासाचा प्रश्न येतो. चांगल्या डब्यांवर छापील वजनाबरोबर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे दिलेले असतात. ते डोक्याच्या व्यासाचे मिलिमीटर होत. नळीत छऱ्याला दोन ठिकाणी आधार मिळतो. डोके खाचांमधील उंचवट्यांवर टेकते आणि मऊ घेर मागून येणाऱ्या दाबाने फुगून खाचांत घट्ट बसतो. डोके नळीच्या मानाने लहान असेल तर पुढचा आधारच नाहीसा होतो, छर्रा घेरावर डुलत पुढे जातो आणि प्रत्येक वेळी निराळ्या कोनात बाहेर पडतो. डोके फार मोठे असेल तर बसवितानाच शिसे चेपले जाते व छऱ्याचा आकार बिघडतो. कारखान्यात एकाच प्रकारच्या दोन नळ्या तयार झाल्या तरी त्यांच्या अंतर्व्यासात मिलिमीटरच्या शतांशांचा फरक राहतो. यामुळेच एका बंदुकीला मानवलेला छर्रा शेजारच्या, दिसायला अगदी तशाच बंदुकीला मानवेल असे सांगता येत नाही. ‘सर्वोत्तम छर्रा कोणता’ हा प्रश्न बंदुकीचे नाव घेतल्यावाचून निरर्थक आहे, आणि नाव घेतल्यावरही पुरता सार्थ होत नाही.

घेराची कड वाकलेली असेल तर आणखी एक अनर्थ घडतो. छर्रा नळीच्या तोंडाबाहेर पडतो त्या क्षणी त्याच्यामागील दाबलेली हवा त्याला ओलांडून पुढे झेपावते. घेराची कड सर्वत्र सारखी असेल तर ही हवा चहूबाजूंनी सारखीच सुटते. एका जागी खळगा असेल तर तेथून ती आधी निसटते आणि छऱ्याचे शेपूट त्या बाजूला ढकलते. नळीच्या तोंडाची कड आपटून बोथटली असता हेच घडते, आणि मग कितीही चांगले छर्रे आणले तरी उपयोग होत नाही. डबी खिशात खुळखुळत नेणे हे घेर वाकण्याचे नेहमीचे कारण असते. स्पर्धेचे काही छर्रे स्वतंत्र खळग्यांच्या खोक्यांत एकेक बसवून का विकतात, याचे रहस्य एवढेच आहे.

आता डोक्याच्या आकाराकडे वळू. बाजारात मुख्यत्वे तीन आकार आढळतात. काहींचे डोके चपटे, काहींचे घुमटासारखे वाटोळे, तर काहींचे टोकदार असते. टोकदार छऱ्यांविषयी थोडक्यात एवढेच सांगता येईल की त्यांचे टोक अचूक मध्यावर आणणे कठीण व ते डबीतल्या डबीत मोडणे सोपे. जवळच्या अंतरावर त्यांच्या टोकापासून नेमाला लाभ काही होत नाही. वर सांगितलेल्या बेढबपणाची शक्यता मात्र वाढते. खरी तुलना चपट्या व घुमटी छऱ्यांतच करावयाची असते.

चपटा छर्रा कागदातून जाताना आपल्या तीक्ष्ण कडेने चकती कापल्याप्रमाणे स्वच्छ वाटोळे छिद्र पाडतो. घुमटी छर्रा कागद बाजूस सारीत फाडतो आणि मागे उरलेले छिद्र त्याच्या व्यासाहून लहान व वेडेवाकडे दिसते. कागदी लक्ष्यावर छिद्राच्या कडेवरून गुण मोजीत, त्या काळी हा फरक निर्णायक होता. आज मोठ्या स्पर्धांत छऱ्याचे स्थान विद्युत् यंत्रणा नोंदविते, आणि नियमांत चपट्या डोक्याची सक्तीही नाही. तरीसुद्धा दहा मीटरांवर चपटा छर्राच वापरतात. त्याचे डोके सपाट असल्याने ते अचूक मध्यावर साचेबंद करणे सोपे जाते, आणि त्याचा जो मोठा दोष, म्हणजे हवेचा रोध, तो दिसण्याइतके अंतरच दहा मीटरांत नसते.

हा रोध आकड्यांनी पाहू. दहा ज्यूल ऊर्जेच्या एका बंदुकीतून ०.५० ग्रॅम वजनाचा एक चपटा व तितक्याच वजनाचा एक घुमटी छर्रा सोडला असे समजू. दोघांचाही आरंभीचा वेग सेकंदाला २०० मीटर येईल. या जातीच्या छऱ्यांचा नेहमीचा रोध धरून हिशेब केला तर दहा मीटरांवर चपट्याचा वेग सुमारे शेकडा १२ ने व घुमटीचा सुमारे शेकडा ७ ने घटलेला असतो. नळीच्या रेषेपासून चपटा १३.३ मिलिमीटर आणि घुमटी १२.८ मिलिमीटर खाली येतो. फरक अर्ध्या मिलिमीटरचा, आणि तोही केवळ मध्याचा. दोन्ही छर्रे सारखेच सुबक असतील तर बंद दालनात दहा मीटरांवर घुमटी डोक्याने काहीही साधत नाही.

अंतर पंचवीस मीटर केले की चित्र पालटते. आता चपट्याचा वेग शेकडा २७ ने, तर घुमटीचा शेकडा १६ ने कमी होतो. चपटा ९५ मिलिमीटर पडतो, घुमटी ८६. हाही फरक दृष्टियोजनेने भरून काढता येतो. जो काढता येत नाही तो वाऱ्याचा. चेहऱ्याला जेमतेम जाणवणारी, झाडाची पाने हलविणारी झुळूक सेकंदाला २ मीटर वेगाची असते. अशी झुळूक आडवी आली तर दहा मीटरांवर ती चपट्या छऱ्याला सुमारे ६.५ मिलिमीटर व घुमटीला ३.५ मिलिमीटर बाजूस नेते. पंचवीस मीटरांवर हेच आकडे ४३ आणि २३ असे होतात. वारा सतत सारखा वाहत असता तर मध्य सरकला एवढेच झाले असते. परसातला वारा भिंतींमधून वळतो, थांबतो, उलटतो. म्हणून मध्य प्रत्येक छऱ्याला निराळा सरकतो, आणि मध्याचे असे रोज नव्हे तर क्षणोक्षणी सरकणे हेच विखुरणे होय. उघड्यावर पंधरा मीटरांपलीकडे घुमटी छर्रा पसंत करावा, असे अनुभवी नेमबाज म्हणतात, त्यामागे हा हिशेब आहे.

राहता राहिले वजन. त्याच दहा ज्यूलच्या बंदुकीत ०.६८ ग्रॅमचा जड घुमटी छर्रा घातला तर त्याचा आरंभीचा वेग सुमारे १७१ मीटर होईल. (डब्यांवर वजन पुष्कळदा ग्रेन या मापात असते, ०.५० ग्रॅम म्हणजे ७.७ ग्रेन आणि ०.६८ ग्रॅम म्हणजे १०.५ ग्रेन.) दहा मीटरांवर तो १७ मिलिमीटर पडतो, म्हणजे हलक्या घुमटीच्या ४ मिलिमीटर खाली लागतो. पंचवीस मीटरांवर तो ११४ मिलिमीटर, म्हणजे २८ मिलिमीटर अधिक पडतो. वरील झुळुकीत मात्र तो १९ मिलिमीटरच बाजूस जातो. हलका घुमटी २३ जात होता. जड छऱ्याचा लाभ आहे, पण पंचवीस मीटरांवर तो चार मिलिमीटरांचा आहे. चपटा सोडून घुमटी घेतल्याने मिळणारा लाभ त्याच्या पाचपट होता.

एकाच डबीतील छर्रे परस्परांहून थोडे हलके-जड असतात, म्हणून काही जण ते सोनाराच्या काट्यावर तोलून निवडतात. या श्रमाचे मोलही काढता येते. ०.५० ऐवजी ०.५१ ग्रॅमचा छर्रा आला तर त्याची घट सुमारे शेकडा २ ने वाढते. दहा मीटरांवर १३ मिलिमीटरांचे शेकडा २ म्हणजे पाव मिलिमीटर, आणि पंचवीस मीटरांवर पावणेदोन मिलिमीटर. म्हणजे दहा मीटरांवर अशा छऱ्याने स्पर्धेतील एक दशांश गुण जाईल, पण परसात त्याचा पत्ताही लागणार नाही. तोलण्यात घालविलेला वेळ भिंगाखाली घेराच्या कडा पाहण्यात घालविला तर अधिक फळ मिळते, कारण तोलकाट्याला शिशाची जाड बाजू दिसत नाही आणि वाकलेला घेरही दिसत नाही.

वजनामुळे विखुरणे खरोखरच वाढते अशा दोन परिस्थिती आहेत. पहिली, फार जोरदार बंदुकीत फार हलका छर्रा घातला असता. २० ज्यूलच्या बंदुकीतून मिश्रधातूचा ०.३५ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे ३३८ मीटर वेगाने सुटेल, आणि हवेतील ध्वनीचा वेग जवळजवळ इतकाच असतो. या वेगाच्या आसपास छऱ्याभोवतीच्या हवेचा प्रवाह अस्थिर होतो, रोध एकदम वाढतो व छर्रा हिसके खातो. मोठा आवाज आणि डबीवरचा मोठा वेग पाहून असे छर्रे घेणाऱ्याला कागदावर मात्र विस्कळीत पुंज मिळतो. त्याच बंदुकीत ०.६८ ग्रॅमचा छर्रा २४२ मीटर वेगाने निघतो आणि ही भानगड उद्भवत नाही.

दुसरी परिस्थिती स्प्रिंगच्या बंदुकीची. आपल्याकडील बहुसंख्य परसांत हीच बंदूक असते. चाप ओढल्यावर तीत जड दट्ट्या पुढे धावतो, बंदूक मागे सरकते, दट्ट्या हवेच्या उशीवर आपटून किंचित उलटतो आणि बंदूक पुन्हा हलते. हे सर्व छर्रा नळीत असतानाच घडते. जड छर्रा उशिरा हलतो व नळीत अधिक वेळ राहतो, म्हणून बंदूक कोणी कशी धरली आहे याचा परिणाम त्याच्यावर अधिक होतो. अशा बंदुकीचा पुढचा भाग विटेवर वा लाकडावर टेकविल्यास ती उसळते. उघड्या तळहातावर, न आवळता, दर वेळी त्याच जागी तोलून धरल्यास पुंज आवरतो. दाबलेल्या हवेच्या टाकीवर चालणाऱ्या बंदुकीत हा प्रश्न जवळजवळ नसतो.

आपल्या नळीला कोणता छर्रा मानवतो हे यावरून केवळ तर्काने ठरत नाही. कागदावरच पाहावे लागते. त्यासाठी वारा पडलेली सकाळ निवडावी. छर्रा थोपविण्यासाठी लक्ष्यामागे ओल्या मातीचे किंवा वाळूचे जाड खोके व त्यामागे पक्की भिंत असावी. नुसत्या भिंतीवरून किंवा कठीण लाकडावरून छर्रा उलटून येतो, आणि हुकलेला छर्रा परसाच्या पलीकडे काहीशे मीटर जाऊ शकतो. कागद पुठ्ठ्यावर ताणून लावावा, म्हणजे घुमटी छऱ्याची छिद्रेही मोजता येतील. नवी डबी उघडल्यावर पहिले दहा-पंधरा छर्रे हिशेबात धरू नयेत, कारण नळीत आधीच्या छऱ्यांच्या शिशाचा पातळ थर असतो व तो बदलेपर्यंत मध्य भरकटतो. नंतर प्रत्येक डबीचे दहा छर्रे एका कागदावर सोडावेत. बाहेरच्या दोन छिद्रांच्या बाहेरील कडांमधील अंतर मोजून त्यातून ४.५ मिलिमीटर वजा केले की पुंजाची रुंदी मिळते.

दहाच का, हा प्रश्न रास्त आहे. तीन छऱ्यांचा पुंज नेहमीच लहान दिसतो. तीच बंदूक, तोच छर्रा व तोच हात असता दहांचा पुंज सरासरीने तिहींच्या पुंजाच्या दीडपटीहून थोडा मोठा येतो. त्यामुळे एका डबीचे तीन व दुसरीचे दहा छर्रे सोडून केलेला निवाडा पहिल्या डबीच्या बाजूने आधीच झुकलेला असतो. समजा, चपट्या छऱ्यांच्या ४.४९ व्यासाच्या डबीचे तीन पुंज १३, १६ व १४ मिलिमीटर आले, ४.५१ च्या डबीचे ८, ११ व ९ आले आणि घुमटी छऱ्यांचे १०, ९ व १२ आले. पहिली डबी बाद करण्यास एवढा पुरावा पुरेसा आहे. दुसरी व तिसरी यांत मात्र निवड करण्याजोगा फरक या आकड्यांत नाही. अशा वेळी अंतर पंचवीस मीटर करून पुन्हा पाहावे. तेथे घुमटीचा पुंज अडीचपट झाला व चपट्याचा चौपट झाला, तर दहा मीटरांवर जे लपले होते ते हवेच्या रोधाने उघड केले असे समजावे.

पुंजाचे रूपही बोलके असते. छिद्रे उभ्या रेषेत लांबली असतील तर वेग कमीजास्त होत आहे, म्हणजे छर्रे वजनाने असमान आहेत, घेर नीट बसत नाही किंवा बंदुकीच्या दट्ट्यात दोष आहे. आडवी पसरली असतील तर वारा किंवा हात. मधोमध रिकामी जागा ठेवून छिद्रे कड्यासारखी पडली, तर गुरुत्वमध्य सरकलेल्या छऱ्यांचा संशय घ्यावा. आणि चपट्या छऱ्याचे छिद्र वाटोळे न पडता लांबोळे पडले, तर छर्रा कागदापाशी तिरपा होऊन पोहोचला आहे. अशा वेळी ती डबी बाजूस ठेवून नळीचे तोंड उजेडात भिंगाने तपासावे.